सोडियम ११८, कॉर्टिसॉल ६.४ आणि सरांना पाठवलेला मेसेज

बाई ६४ वर्षांच्या, वजन ५२ किलो. दोन आठवड्यांपासून अशक्तपणा, मळमळ, जेवण जवळजवळ बंद. दोन दिवसांपासून गुंगी होती आणि आज वार कोणता विचारलं तर भलताच सांगत होत्या. पहाटे सहाला आमच्याकडे भरती झाल्या तेव्हा सोडियम ११६ होतं. ते १३५ ते १४५ असायला हवं. तीन टक्क्यांचं सलाईन १५० मिलि वीस मिनिटांत दिलं, आठ वाजता सोडियम ११८ आलं आणि गुंगी जराशी उतरली. इथपर्यंत कुणाला काही विचारायची गरज नव्हती. पेशंट गोंधळलेला आहे आणि सोडियम इतकं खाली आहे, तर पहिल्या तासात काय करायचं हे ठरलेलं असतं.

अडलं ते त्यानंतर. सोडियम कमी आहे याचा अर्थ बहुतेक वेळा मीठ कमी पडलंय असा नसतो, शरीरात पाणी जास्त साठलंय असा असतो. हे पाणी का साठलं, ते शोधावं लागतं. बाईंच्या लघवीची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे दाटपणा, ४२० होती. म्हणजे रक्त एवढं पातळ झालेलं असूनही किडनी पाणी सोडायला तयार नव्हती, एडीएच हे हार्मोन तिला पाणी 'धरून ठेव' सांगत होतं. लघवीतलं सोडियम ५८. अंगावर सूज नाही, जीभ कोरडी नाही. आधीच्या दवाखान्यात रात्रभरात एक लिटर नॉर्मल सलाईन गेलं होतं, आणि त्या लिटरनंतर सोडियम ११९ वरून ११६ वर उतरलं होतं.

सलाईन देऊन सोडियम उतरतं, हे नातेवाइकांना पटवणं अवघड जातं, पण हिशोब साधा आहे. एक लिटर सलाईनमध्ये साधारण ३०८ मिलिऑस्मोल मीठ असतं. किडनी ४२० च्या दाटपणाने लघवी करत असेल तर ते सगळं मीठ ती सुमारे ७३० मिलि लघवीत बाहेर टाकते. उरलेलं २७० मिलि नुसतं पाणी अंगात राहतं आणि रक्त आणखी पातळ होतं.

हे सगळं चित्र एसआयएडीएचचं, म्हणजे गरज नसताना एडीएच सुटत राहण्याचं आहे. थायरॉईड नॉर्मल, किडनी नॉर्मल, लघवीची थायाझाइड गोळी नाही, डिप्रेशनची गोळी नाही. एसआयएडीएच म्हटलं की पाणी कमी करायचं आणि मग छातीचा सीटी वगैरे करून कारण शोधायचं. पण हे निदान करायच्या आधी ॲड्रिनल ग्रंथीतून येणारं कॉर्टिसॉल बघावं लागतं, कारण कॉर्टिसॉल कमी असलं तरी एडीएच सुटलेलंच राहतं आणि रक्त-लघवीचे रिपोर्ट हुबेहूब तसेच येतात. ते आठ वाजता पाठवलं होतं. दहाला रिपोर्ट आला: ६.४ मायक्रोग्रॅम.

हा आकडा कुठेच बसत नव्हता. सकाळचं कॉर्टिसॉल ३ च्या खाली असतं तर शंका उरली नसती, लगेच हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधाच्या रूपातलं कॉर्टिसॉल, सुरू केलं असतं. १८ च्या पुढे असतं तर ॲड्रिनल बाजूला ठेवून एसआयएडीएचच्या वाटेने गेले असते. ६.४ निरोगी माणसात आलं तर 'बघू, परत करू' म्हणता येतं. पण इतक्या आजारी बाईचं ६.४? शरीरावर एवढा ताण असताना ते याच्या तिप्पट तरी असायला हवं होतं. निर्णायक ठरते ती एसीटीएच स्टिम्युलेशन टेस्ट, म्हणजे ॲड्रिनलला हुकूम देणारं एसीटीएच टोचून कॉर्टिसॉल किती चढतं ते बघणं. तिचं इंजेक्शन दुसऱ्या दिवशी सकाळशिवाय मिळणार नव्हतं.

तेव्हा सरांना विचारायचं ठरवलं. सर माझे पीजीचे गाईड, आता दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये एंडोक्रायनॉलॉजी बघतात. सकाळी दहा ही त्यांच्या ओपीडीची वेळ. ते फोन उचलतील तेव्हा समोर एक पेशंट बसलेला असेल आणि बाहेर पंधरा थांबलेले असतील. त्यामुळे आधी लिहून पाठवायचं आणि मग फोन करायचा, ही माझी सवय आहे. लिहून पाठवलं की आकडे त्यांच्या डोळ्यांसमोर राहतात, आणि फोनवर 'थांबा सर, बघून सांगते' म्हणत केसपेपर चाळावा लागत नाही.

सगळ्यात जास्त वेळ एका वाक्याला लागला, प्रश्नाच्या. 'हायपोनेट्रेमियाची केस आहे, कॉर्टिसॉल बॉर्डरलाइन आहे, काय करावं?' असं विचारलं असतं तर सरांना माझं अख्खं काम पहिल्यापासून करावं लागलं असतं. अंगातलं पाणी कमी झालंय का, थायरॉईड केलं का, औषधं कोणती, हे सगळं त्यांनी विचारलं असतं आणि त्याची उत्तरं माझ्याकडे होती. माझी गाडी नेमकी कुठे अडली आहे? निदानावर नव्हे. ॲड्रिनलच असावं असं मला बऱ्यापैकी वाटत होतं. अडलं होतं वेळेवर: आज द्यायचं की टेस्टनंतर. आज दिलं तर उद्याची टेस्ट बिघडते, कारण हायड्रोकॉर्टिसोन रक्ताच्या तपासणीत कॉर्टिसॉल म्हणूनच मोजलं जातं. नाही दिलं आणि रात्री बीपी कोसळलं तर? हे स्वतःशी स्पष्ट झाल्यावर मेसेज पाच मिनिटांत लिहून झाला. तो जवळजवळ जसाच्या तसा देते:

'सर, एका पेशंटबद्दल तुमचं मत हवंय, शक्यतो तासाभरात. दहा मिनिटांनी फोन करते.

प्रश्न: सोडियम ११८, चित्र एसआयएडीएचसारखं, पण सकाळी ८ चं कॉर्टिसॉल ६.४. हायड्रोकॉर्टिसोन आत्ता सुरू करावं, की उद्या सकाळी एसीटीएच स्टिम्युलेशन होईपर्यंत थांबावं?

स्त्री, ६४ वर्षं, ५२ किलो. दोन आठवडे अशक्तपणा, मळमळ, खाणं नाही. दोन दिवस गुंगी. आत्ता हाक मारली की डोळे उघडते, वार सांगता येत नाही. फिट नाही. बीपी झोपून १०४/६६, बसवून ९८/६२, नाडी ८८. एरवी बीपीसाठी अम्लोडिपिन घेते, दोन दिवस बंद आहे.

गुडघेदुखीसाठी आठेक महिने रोज दोन गोळ्या घेत होती, नाव माहीत नाही. तीन आठवड्यांपूर्वी संपल्या, परत आणल्या नाहीत. हाताची कातडी पातळ, जागोजागी काळेनिळे डाग, चेहरा गोल. पाकीट आणायला मुलगा घरी गेलाय.

सोडियम: काल रात्री १० ला ११९ (बाहेर), मग नॉर्मल सलाईन १ लिटर, आज ६ ला ११६, ३ टक्के सलाईन १५० मिलि, ८ ला ११८.
पोटॅशियम ४.२, युरिया १६, क्रिएटिनिन ०.६, साखर ८४, युरिक ॲसिड २.८. रक्ताची ऑस्मोलॅलिटी २४३, लघवीची ४२०, लघवीतलं सोडियम ५८. टीएसएच आणि फ्री टी४ नॉर्मल. छातीचा एक्स-रे आणि मेंदूचा साधा सीटी नॉर्मल.
कॉर्टिसॉलच्या आधी कुठलंही स्टिरॉइडचं इंजेक्शन गेलेलं नाही, बाहेरच्या डॉक्टरांना फोन करून खात्री केली आहे.
झालेलं नाही: एसीटीएच, छातीचा सीटी.

माझा अंदाज: बाहेरून घेतलेल्या स्टिरॉइडमुळे ॲड्रिनल दबलेली. खटकतं ते एवढंच की कॉर्टिसॉल आणखी खाली असायला हवं होतं असं वाटतं. तुमचं मत येईपर्यंत: सलाईन बंद, तोंडाने पाणी मर्यादित, दोन तासांनी सोडियम. बीपी ९० च्या खाली गेलं तर वाट न बघता हायड्रोकॉर्टिसोन देईन.'

नाव, फोटो, रजिस्ट्रेशन नंबर काही नाही. मुलीला आधी सांगितलं होतं की माझ्या सरांचं मत घेतेय, आणि ती 'घ्या, घ्या' म्हणाली होती. रिपोर्टचे फोटोही पाठवले नाहीत. पाच तिरपे फोटो झूम करत सोडियम शोधणं हा छळ मी स्वतः भोगलेला आहे, तो दुसऱ्याला कशाला द्यायचा. शिवाय फोटोंमधून क्रम कळत नाही, आणि इथे सगळा अर्थ क्रमातच होता: ११९, मग सलाईन, मग ११६. मधलं सलाईन गाळलं तर तो नुसता पडत गेलेला आकडा दिसतो.

दोन ओळी तर मुद्दाम घातल्या होत्या. एक, इंजेक्शनची. उलटी होणाऱ्या आणि मलूल पडलेल्या पेशंटला भरतीआधी कुणीतरी डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड टोचलेलं असतं, आणि ते कागदावर नेहमीच येतं असं नाही. ते दिलं असेल तर पेशंटचं स्वतःचं कॉर्टिसॉल काही तासांत दबतं आणि ६.४ या आकड्याला काही अर्थच राहत नाही. आधीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी नर्सला विचारून सांगितलं: ऑनडॅनसेट्रॉन आणि पँटोप्राझोल, बाकी काही नाही. दुसरी ओळ 'झालेलं नाही' ची. जे लिहिलेलं नाही ते नॉर्मल असेल असं वाचणारा धरून चालतो. केलेलंच नाही हे वेगळं सांगावं लागतं.

हिमोग्लोबिन, लिव्हर, लघवीची नेहमीची तपासणी हे सगळं झालं होतं आणि ठीक होतं. ते मेसेजमध्ये घातलं नाही.

फोन केला तेव्हा सरांनी वाचलेलं होतं. 'बोल' म्हणाले आणि लगेच स्वतःच विचारलं, 'अल्ब्युमिन किती?'

३.४. रक्तातलं बरंचसं कॉर्टिसॉल प्रथिनांना चिकटून फिरतं. प्रथिनं फार उतरलेली असतील तर एकूण कॉर्टिसॉल खोटंच कमी दिसतं. ३.४ ने एवढा फरक पडत नाही, सरांनी ते सोडून दिलं.

'डोकं दुखतंय का? नजर बघितलीस?'

डोकेदुखी नाही हे विचारलेलं होतं. नजर तपासायची तर बाईंनी नीट साथ द्यायला हवी, आणि पहाटे त्या तेवढ्या जाग्या नव्हत्या. फोन कानाला तसाच धरून कॉटजवळ गेले, माझ्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही बाजूंना बोटं हलवली. कोणतं हलतंय ते त्यांनी हाताने बरोबर दाखवलं. ही काही पक्की तपासणी नव्हे, पण ॲड्रिनलला हुकूम देणाऱ्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत मोठी गाठ किंवा रक्तस्राव असेल तर बाहेरच्या बाजूंची नजर आधी जाते, आणि तेवढ्यापुरतं ते बघणं पुरेसं होतं.

'मग दे आत्ता. टेस्टसाठी थांबू नकोस,' सर म्हणाले. 'आजारी बाई आहे, ६.४ तिला पुरणारं नाही. आधी कॉर्टिसॉलचं आणखी एक सॅम्पल आणि एसीटीएच काढून ठेव, एसीटीएच बर्फात पाठव. मग शंभर मिलिग्रॅम शिरेतून आणि नंतर सहा-सहा तासांनी पन्नास.'

पोटॅशियम ४.२ असूनही इतकी खात्री का, असं मी विचारलं. उत्तर माहीत होतं, तरी त्यांच्या तोंडून हवं होतं. ॲड्रिनल ग्रंथीच खराब झाली असेल तर पोटॅशियम बाहेर टाकायला लावणारं अल्डोस्टेरॉनही जातं आणि पोटॅशियम चढतं. इथे ग्रंथी जागेवर आहे, फक्त वरून, पिट्युटरीकडून, हुकूम येत नाही म्हणून झोपली आहे. अल्डोस्टेरॉन त्या हुकमावर फारसं चालत नाही, त्यामुळे पोटॅशियम नॉर्मलच राहतं. कॉर्टिसॉल अगदी तळाला का नाही, याचंही त्यांनी सांगितलं: गोळ्या बंद होऊन तीन आठवडे झालेत, ग्रंथी थोडी थोडी जागी व्हायला लागली असेल. माझी खटकणारी गोष्ट तिथे संपली.

मग त्यांनी विचारलं, 'कॅथेटर आहे?'

'नाही सर.'

'घाल. तू द्यावं की नाही विचारतेयस, ते सोपं आहे. दिल्यानंतर चार-सहा तासांनी काय होईल ते बघ.'

हा भाग माझ्या प्रश्नात नव्हता. कॉर्टिसॉल नसल्यामुळे एडीएच सुटलेलं होतं. कॉर्टिसॉल दिलं की ते आवरतं आणि किडनी इतके दिवस धरून ठेवलेलं पाणी एकदम सोडायला लागते. लघवी धो धो होते आणि सोडियम भराभर चढतं. बरेच दिवस कमी सोडियमला सरावलेल्या मेंदूला ते सोसत नाही, ऑस्मोटिक डिमायलिनेशन, म्हणजे मेंदूतल्या तंतूंवरच्या आवरणाला इजा, होऊ शकतं. ते लगेच दिसतही नाही. काही दिवस पेशंट बरा वाटतो आणि मग बोलणं, गिळणं, हातपाय जायला लागतात. बाईंनी दोन आठवडे नीट खाल्लेलं नव्हतं, म्हणजे धोका जास्त. सरांनी मर्यादा घालून दिली: चोवीस तासांत आठच्या वर नाही, आणि मोजायचं ११६ पासून, ११८ पासून नाही. म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत १२४ ओलांडायचं नाही, आणि त्यातले दोन आधीच खर्च झाले होते. लघवी तासाला १०० मिलिच्या वर गेली की दर दोन तासांनी सोडियम. एडीएचसारखं काम करणारं डेस्मोप्रेसिन आणि पाच टक्के डेक्स्ट्रोज आत्ताच मागवून कॉटजवळ ठेव, रात्री शोधायला लागू नकोस, म्हणाले.

मी सगळं परत वाचून दाखवलं. त्यांनी एक दुरुस्ती केली: दर दोन तासांचं सोडियम एकाच मशीनवर. आमच्याकडे रक्तातले वायू मोजणाऱ्या एबीजी मशीनवर एक आकडा येतो आणि लॅबमधून वेगळा, दोघांत दोन-तीनचा फरक सहज पडतो. आठच्या मर्यादेत तीनची चूक परवडत नाही.

फोन ठेवल्यावर केसपेपरवर लिहिलं: किती वाजता बोलणं झालं, कुणाशी, कोणत्या माहितीवर त्यांनी मत दिलं, आणि त्यावर मी काय ठरवलं. सरांनी पेशंट पाहिलेला नाही, फोनवर मत दिलं आहे, हेही लिहिलं. मत त्यांचं असलं तरी ऑर्डर माझी होती आणि खाली सही माझीच.

अकराला पहिला डोस गेला. दीड-दोन तासांत बाई मुलीला 'पाणी दे' म्हणाल्या, आणि ते त्यांचं दोन दिवसांतलं पहिलं धड वाक्य होतं. लघवी तोपर्यंत तासाला चाळीस-पन्नास मिलि, गडद. तीनच्या सुमारास नर्सने बोलावलं. पिशवीत तासाभरात २२० मिलि आलेलं होतं आणि नळीतला रंग पाण्यासारखा झाला होता. चारला सोडियम १२०. पुढच्या तासाला ३०० मिलि. लघवीची ऑस्मोलॅलिटी परत पाठवली ती ११० आली. सकाळी ४२० होती. सहाला सोडियम १२३.

बारा तासांत सात झाले होते आणि अजून बारा उरलेले होते. सरांना दुसरा मेसेज केला, तो तीन ओळींचा: '११ ला हायड्रोकॉर्टिसोन. लघवी ३ पासून तासाला २०० ते ३०० मिलि, ऑस्मोलॅलिटी ११०. सोडियम ४ ला १२०, ६ ला १२३ (सुरुवात ११६). डेस्मोप्रेसिन २ मायक्रोग्रॅम शिरेतून आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज ३०० मिलि दोन तासांत देतेय. हायड्रोकॉर्टिसोन चालूच ठेवते. बरोबर?' उत्तर आलं, 'हो. तोंडाने पाणी बंद कर.' हे शेवटचं महत्त्वाचं होतं. डेस्मोप्रेसिनने किडनीचं दार परत बंद झाल्यावर तहानेने पाणी पीत राहिलं तर सोडियम पुन्हा खाली घसरतं. मुलीच्या हातातली बाटली मी स्वतः काढून घेतली आणि वाईटपणा घेतला.

आठला १२३, बाराला १२२, सकाळी सहाला १२३. पुढच्या तीन दिवसांत ते सावकाश १३४ वर गेलं.

मुलाने त्याच रात्री गोळ्यांचं रिकामं पाकीट आणलं होतं. डेक्सामेथासोन, अर्ध्या मिलिग्रॅमच्या. दिवसाला दोन म्हणजे एक मिलिग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते हायड्रोकॉर्टिसोनच्या पंचवीसेक मिलिग्रॅमच्या बरोबरीचं आहे, म्हणजे शरीराच्या रोजच्या गरजेहून जास्तच, तेही आठ महिने. एसीटीएचचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला आणि तोही कमीच होता. दोन्ही गोष्टी सरांना कळवल्या. ज्यांनी मत दिलं त्यांना पुढे काय झालं ते कळायला हवं, मत चुकलं असतं तरी.

घरी सोडताना एक नवीन शंका होती आणि ती त्याच मेसेजच्या शेवटी विचारून घेतली: हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या कधी थांबवायच्या? सर म्हणाले, सहा आठवड्यांनी आदल्या दिवशीपासून गोळी न घेता सकाळी आठचं कॉर्टिसॉल कर. १० च्या वर आलं तर थांबव. ५ ते १० मध्ये आलं तर गोळ्या चालू ठेव आणि काही आठवड्यांनी परत बघ. ५ च्या खाली असेल तर काही महिने विषयच काढू नकोस. तोपर्यंत ताप आला तर डोस दुप्पट, आणि उलटीमुळे गोळी पोटात राहत नसेल तर इंजेक्शनसाठी सरळ हॉस्पिटल. हे सगळं डिस्चार्ज कार्डावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि मुलीकडून मोठ्याने वाचून घेतलं.

सहा आठवड्यांनी आलं ८.१. गोळ्या चालू आहेत.